चुकीच्या डिटेक्टरवर तपासलेलं पाणी

१७ फेब्रुवारी. काम होतं नमुन्यांचा फ्रीज रिकामा करायचं. आठ दिवसांनी मान्यता देणाऱ्या संस्थेचे तपासनीस येणार होते, आणि ते आले की पहिल्यांदा फ्रीज उघडतात, हा माझा सतरा वर्षांचा अनुभव. तपासून झालेल्या नमुन्याची दुसरी बाटली आम्ही महिनाभर ठेवतो. मुदत संपलेल्या बाहेर काढायच्या, यादीवर खूण करायची, बाकीच्या तारखेप्रमाणे लावायच्या. हे काम मी कोणाला सांगत नाही. सांगितलं तर दोनदा करावं लागतं.

आमची प्रयोगशाळा सदर बाजाराच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. पाणी, तेल, फळांचा रस, माती, कारखान्यांचं सांडपाणी, जे येईल ते तपासतो. माझ्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफचा विभाग. आम्ही त्याला जीसीच म्हणतो. नमुन्यातल्या वेगवेगळ्या पदार्थांना एका लांब, केसासारख्या नळीतून एकामागून एक बाहेर काढणारं हे यंत्र. नळीच्या टोकाला जो पहारेकरी बसलेला असतो तो डिटेक्टर. आमच्याकडे दोन यंत्रं आहेत आणि दोघांचे पहारेकरी वेगळे.

दुसऱ्या कप्प्यात, मागे, एक तपकिरी काचेची छोटी बाटली होती. काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा नाही, म्हणजे ज्यानं भरली त्याला कोणीतरी नीट समजावलेलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बोअरचं पाणी, बुटीबोरीजवळची कामगारांची वस्ती. खाली शेऱ्याच्या रकान्यात काउंटरवरच्या मुलीच्या गोल अक्षरात: वास ड्रायक्लीनच्या दुकानासारखा.

मी ती चिठ्ठी उभ्यानंच परत वाचली. मग खुर्ची ओढली.

हा नमुना मला आठवत होता. नमुना नाही, रिपोर्ट. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मीच सही केली होती. बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये: आढळली नाहीत. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेनं पाणी आणलं होतं. ग्रामपंचायतीनं तिच्या तक्रारीवरून बोअरच्या हापशाला तार बांधली होती आणि रिपोर्ट आला की उघडू म्हणून सांगितलं होतं. रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली होती. तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, पक्कं ना?" मी म्हटलं होतं, "मशीन खोटं बोलत नाही."

आता जे सांगायचं आहे त्यासाठी त्या दोन पहारेकऱ्यांबद्दल सांगावं लागेल.

पहिला एफआयडी. त्यात हायड्रोजनची एक बारीक ज्योत असते, इतकी फिकट की डोळ्यांना दिसत नाही. पेटली आहे की नाही हे पाहायला आम्ही वरच्या तोंडाशी थंड पाना धरतो. पान्यावर वाफ धरली तर पेटली. ज्या पदार्थात कार्बनला हायड्रोजन जोडलेला आहे तो त्या ज्योतीत जळतो, जळताना विद्युतभारित कण तयार होतात, त्यांचा किंचित प्रवाह वाहतो आणि कागदावर शिखर उमटतं. पेट्रोल, स्पिरिट, बेंझिन, थिनर, तेलाची वाफ, सगळं त्याला दिसतं. थोडं असो की खूप, तो सरळ हिशेबात मोजतो. गुणी आहे, नखरे नाहीत. पण पाणी, कार्बन डायऑक्साइड, हवा त्याला दिसत नाहीत. आणि कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथं क्लोरीन बसवत गेलं की त्याची नजर मंद होत जाते.

दुसरा ईसीडी. त्याच्या पोटात निकेलचा किरणोत्सारी पत्रा असतो, म्हणून त्याच्यावर पिवळी खूण आणि आमच्या कपाटात त्याच्या परवान्यांची फाइल. त्या पत्र्यातून निघणाऱ्या किरणांमुळे नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि एक बारीक प्रवाह सतत चालू असतो. क्लोरीन, ब्रोमीन असलेला रेणू आला की तो हे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. प्रवाह कमी होतो. जे कमी झालं तेच शिखर. हेक्झेन, बेंझिन शेजारून गेलं तरी हा मान वर करत नाही, पण चार क्लोरीनवाल्या रेणूचा मागमूसही त्याला पुरतो. मोठं प्रमाण मात्र झेपत नाही, लगेच भरून जातो. ओल चालत नाही, ऑक्सिजन चालत नाही, शेजारच्या टेबलावर कोणी क्लोरोफॉर्मची बाटली उघडली तरी दिवसभर रुसतो.

ड्रायक्लीनच्या दुकानात जो वास येतो तो बहुतेक टेट्राक्लोरोइथिलीनचा. दोन कार्बन, चार क्लोरीन, हायड्रोजन एकही नाही. धातूच्या सुट्या भागांवरचं तेल धुवायलाही कारखान्यांत हेच वापरतात. आणि जानेवारीच्या त्या दिवसांत आमचा ईसीडी बंद होता.

बंद का होता, तर आमच्या भाऊंमुळे. भाऊ म्हणजे आमचे तंत्रज्ञ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, दोन्ही यंत्रं तेच चालवतात. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी मातीचा एक अर्क ईसीडीवर टाकला. अर्क डायक्लोरोमिथेनमध्ये काढलेला होता. म्हणजे जो क्लोरीन शोधायला बसला आहे त्याला क्लोरीनचंच द्रावक पाजलं. आलेखाची पायरेषा जी वर गेली ती खाली येईना. त्याला तापवून, कोरडा नायट्रोजन सोडून स्वच्छ करायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आलेले पाण्याचे नमुने एफआयडीवर चालवले गेले, कारण ते यंत्र मोकळं होतं.

आमच्याकडे हे असंच चालतं. काउंटरवरच्या पावतीवर लिहितात "जीसी". जे यंत्र मोकळं असेल त्यावर नमुना जातो. रिपोर्टवरही छापतात "पद्धत: जीसी". पूर्वी तिथं डिटेक्टरचा रकाना होता. पाच वर्षांपूर्वी तो मी काढला. लोकांना कळत नाही, रिपोर्ट दुसऱ्या पानावर जातो, कागद वाया जातो, अशी माझी कारणं होती. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं होतं. आणि शोधमर्यादेची ओळ, म्हणजे किती कमी प्रमाणापर्यंत आम्हाला दिसू शकतं हे सांगणारी ओळ, साच्यात कायमची छापलेली होती. ती ईसीडीची होती. एफआयडीला तिच्या जवळपासही जाता येत नाही. मी सही करताना ती ओळ वाचली नव्हती. ती मीच टाईप केलेली होती, कशाला वाचेन.

मी भाऊंना बोलावलं आणि बाटली पुढे ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला.

"हे आपण कशावर चालवलं होतं?"

"तुम्हीच सांगा."

"फ्लेमवर, एफआयडीवर," ते म्हणाले. मग बाटली उजेडाकडे धरली. "म्हणजे आपण आंधळ्याले रंग विचारला अन् त्यानं नाही म्हटलं तं लिहून टाकलं की रंगच नाही."

"आता बोलू नका, हेक्झेन आणा."

"मॅडम, बाटलीची तपासायची मुदत संपली आहे. चौदा दिवसांच्या वर झाले."

"मला माहीत आहे. उडून गेलं असेल तर कमी दिसेल. जास्त तर दिसणार नाही ना?"

त्यावर ते उठले.

पाणी मोजून घेतलं, थोड्या हेक्झेनबरोबर हलवलं, वरचा थर काढला. आधी नुसतं हेक्झेन ईसीडीवर टाकलं. सरळ रेषा. मग उकळून थंड केलेलं आपलं पाणी, तसंच अर्क काढून. जवळजवळ सरळ रेषा. मग किती आहे ते आधीच माहीत असलेलं टेट्राक्लोरोइथिलीन, त्याचं शिखर कोणत्या मिनिटाला येतं ते पाहायला. मग वस्तीचं पाणी.

त्याच मिनिटाला रेषा वर गेली आणि वर जाऊन सपाट झाली. शिखर नाही, पठार. म्हणजे डिटेक्टर भरला. अर्क पन्नास पट पातळ करून पुन्हा टाकला, तेव्हा कुठे नीट शिखर आलं आणि आकडा काढता आला. पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा धरतात तिच्या कितीतरी वर. तीन आठवडे फ्रीजमध्ये पडलेल्या बाटलीत. एकाच नळीवर विश्वास नको म्हणून भाऊंनी दुसऱ्या प्रकारची नळी लावून पुन्हा घेतलं. तिथंही ते माहितीच्या टेट्राक्लोरोइथिलीनच्याच मिनिटाला आलं.

शेवटी तोच पातळ न केलेला अर्क एफआयडीवर टाकला. सुरुवातीला हेक्झेनचा मोठा डोंगर, आणि त्यानंतर काही नाही. जिथं ते शिखर हवं तिथं रेषा नेहमीसारखी थरथरत होती. जानेवारीतला आलेख काढून शेजारी ठेवला. दोन्ही सारखे. भाऊंनी काम चोख केलं होतं, मी सही चोख केली होती, आणि वस्तीतले लोक ते पाणी पीत होते.

नव्या लोकांना हे मीच शिकवते. डिटेक्टर निवडताना आधी विचारा, शोधायचं काय आहे. त्यात हायड्रोजन किती, क्लोरीन किती. मग विचारा, किती कमी शोधायचं आहे. मोकळं यंत्र कोणतं हे सगळ्यात शेवटी. माझ्या वहीत हे लाल शाईनं लिहिलेलं आहे.

साडेचारला मी ईसीडीचे दोन आणि एफआयडीचा एक, असे तीन आलेख घेऊन साहेबांकडे गेले. प्रयोगशाळा त्यांची आहे. रसायनशास्त्र त्यांना माझ्याइतकंच येतं, एके काळी जास्तच येत होतं. त्यांनी आलेख लगेच वाचले, तेवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

"बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली असेल," ते म्हणाले.

"त्यानं क्लोरोफॉर्म होतो. तो खूप आधी येतो. हे टेट्रा आहे, दोन नळ्यांवर."

"बाटलीची मुदत संपलेली आहे. हा निकाल कागदावर येऊच शकत नाही."

"म्हणून तर नवा नमुना आणू म्हणते. आणि जानेवारीचा रिपोर्ट आज मागे घेऊ."

त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवले. "त्या रिपोर्टमध्ये खोटं काय आहे ते सांगा. आढळले नाही. नाहीच आढळलं."

"शोधमर्यादा खोटी आहे."

"टायपिंगची चूक. पुढच्या छपाईत दुरुस्त होईल." मग आवाज खाली आणला, कोणाकडून काम काढून घ्यायचं असलं की ते आणतात तसा. "ताई, आठ दिवसांवर तपासणी आहे. एक रिपोर्ट मागे घेतला की त्या अकरा दिवसांतले सगळे पाण्याचे रिपोर्ट मागे घ्यावे लागतील. मान्यता गेली तर इथं बावीस लोक काम करतात, त्यांना काय सांगू? तपासणी होऊ द्या. मग आपण स्वतःहून फोन करू, म्हणू की पुन्हा नमुना द्या, मोफत तपासतो."

"आठ दिवस ते पाणी पितील."

"तीन आठवडे पितच आहेत."

हे वाक्य त्यांनी वाईट मनानं म्हटलं नाही. हिशेब म्हणून म्हटलं. मला राग याचा आला की क्षणभर तो हिशेब मलाही बरोबर वाटला. माझी सही त्या बाकीच्या रिपोर्टवरही होती. बावीसमध्ये मी होतेच.

"आणि रकाना कोणी काढला होता, ते विचारतील," ते म्हणाले. "मी सांगणार नाही. पण विचारतील."

मी आलेख गोळा केले आणि बाहेर आले. भाऊ जिन्यात उभे होते.

"काय म्हणाले?"

"थांबा म्हणाले."

"मग थांबून राहिल्या का तुम्ही?"

"तुम्ही ईसीडी चालू ठेवा," मी म्हटलं. "आणि उद्या डायक्लोरोमिथेनच्या बाटलीला हात लावला तर बघा."

"बाप्पा, आता मी स्वप्नातही लावणार नाही," ते म्हणाले. दोघंही हसलो नाही.

घरी जाऊन स्वयंपाक केला, जेवलो, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आठ दिवस थांबलं तर काय बिघडतं? मी म्हटलं, आठ दिवस ते पाणी पोटात जातं. मग एका कागदावर ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. तीन वेळा लिहावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा "आमच्या प्रयोगशाळेकडून" असं लिहिलं गेलं आणि ते खरं नव्हतं. तिसऱ्यांदा "मी" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्कूटीवर निघाले. पिशवीत चार स्वच्छ काचेच्या बाटल्या आणि बर्फाचा डबा. वस्ती शोधायला वेळ लागला नाही. हापशावर बायकांची रांग होती. तार कधीच सुटली होती. हापशाशेजारच्या भिंतीवर माझा रिपोर्ट लावला होता, प्लॅस्टिकमध्ये घालून, चारही कोपऱ्यांना खिळे ठोकून.

अंगणवाडी समोरच्या खोलीत. सेविका चुलीवर मुलांसाठी खिचडीचं आधण ठेवत होती. तिनं मला ओळखलं, पण या म्हटलं नाही.

"काहून आल्या मॅडम?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चुकीच्या यंत्रावर तपासलं इथपर्यंत. मग ती आधण उचलून बाहेर घेऊन गेली आणि नालीत ओतून आली.

"मी तं काउंटरवर सांगितलं होतं, वास कसा येते ते. लिहून घेतलं होतं तुमच्या पोरीनं."

"हो. लिहिलेलं होतं."

"मंग तुम्ही वाचलं नाही?"

"नाही."

"तुमच्या कागदानं माझं तोंड बंद केलं, मॅडम. ग्रामपंचायतीतले म्हणे, बाई, तुले नाकाचा रोग झाला, नाकाची तपासणी कर. रोज म्हणत. मले बी वाटलं, खरंच झाला का काय. मशीन खोटं बोलत नाही म्हणून सांगितलं होतं तुम्ही." तिनं रिकामं पातेलं पालथं घातलं. "पोट्ट्याइले त्याच पाण्याची खिचडी खाऊ घालून राहिली मी. दोनदा उकळून. वाफेसंगं जाईन म्हणून."

थोडं जातं, सगळं जात नाही, आणि बंद खोलीत उकळलं तर ते श्वासात जातं. हे मी बोलले नाही. मग वाटलं, न बोलून काय वाचवते आहे, आणि बोलले. तिनं दार सताड उघडलं.

बाहेर रांगेतली एक म्हातारी ओरडली, "काय झालं वं?"

"पाणी खराब हाय," सेविका म्हणाली. "आधी खराब होतं, मंग चांगलं झालं, आता परत खराब झालं."

"कोन म्हणते?"

"ज्यांनी चांगलं म्हटलं त्याच."

बायका माझ्याकडे पाहू लागल्या. कोणी भांडलं नाही. एकीनं हंडा उपडा केला आणि दुसरीनं भरून घेतला, कारण तिच्या घरी दुसरं पाणी नव्हतं. टँकर मागवणं माझ्या हातात नाही. अंघोळीला वापरा, पिऊ नका, शिजवू नका, एवढंच म्हणत राहिले, आणि मलाच ते अपुरं ऐकू येत होतं.

हापसा दहा मिनिटं चालवून चार बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या. सेविकेला म्हटलं, ग्रामपंचायतीत माझ्याबरोबर चला. ती म्हणाली, "मी एकदा जाऊन पाहिलं. आता तुम्ही जा. नाक तुमचं आहे यावेळी."

ग्रामपंचायतीचं कार्यालय दहाला उघडलं. लिपिकाला पत्र दिलं: या बोअरचा माझ्या सहीचा रिपोर्ट चुकीच्या डिटेक्टरवर केलेला आहे, तो धरू नये, पाणी पिण्यास बंद करावं, नवा नमुना आज घेतला आहे. खाली माझं नाव, सही, फोन. एक प्रत तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "प्रयोगशाळेचं लेटरहेड नाही?"

"नाही. माझं पत्र आहे."

"मग सरपंच आले की देतो त्यांना."

"देऊ नका. आवक नोंदवा आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारा."

"सरपंच बाराशिवाय येत नाहीत मॅडम."

"शिक्का सरपंच मारतात का?"

त्यानं पत्र पेपरवेटखाली सरकवलं. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. मी दारासमोरच्या खुर्चीवर बसले, बर्फाचा डबा पायाशी ठेवला. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यानं आवक नोंदवही उघडली, क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. शाई फिकट होती. मी त्याला पुन्हा मारायला लावला.